सगळ्यांत उंच खांब आणि मधला विद्यार्थी

खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी परवा रात्री मोबाईल माझ्यापुढं धरला. लेकीच्या क्लासनं सराव परीक्षेचा निकाल पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. नावांची यादी नव्हतीच, नुसता ग्राफचा स्क्रीनशॉट आणि खाली एक ओळ: एकूण विद्यार्थी 160, गुण 100 पैकी. लेकीला 66 होते.

"भाऊजी, बहुतेक पोरं सत्तर ते ऐंशीत हाईत बघा. आमची मागं पडली की."

त्यांचं बोट सगळ्यांत उंच खांबावर होतं. मी राजारामपुरीत दहावीच्या शिकवण्या घेतो, त्यामुळं हे बोट माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. हिस्टोग्राम, म्हणजे पुस्तकातला आयतालेख, समोर आला की नजर आधी उंच खांबावर जाते आणि ‘साधारण पोरगं इथं आहे’ असं मन ठरवून टाकतं. पण उंच खांब दाखवतो तो बहुलक, आणि वहिनींना हवा होता मध्यक.

गंगावेस तालमीतले पैलवान वजनानं चढत्या ओळीत उभे केले, तर ओळीच्या बरोबर मधे जो येईल त्याचं वजन म्हणजे मध्यक. कुठल्या वजनगटात सगळ्यांत जास्त गर्दी आहे, हा बहुलकाचा प्रश्न. गर्दी ओळीच्या कुठल्याही टोकाला असू शकते, मधला गडी मात्र मधेच असतो.

त्या चित्रात दहा-दहा गुणांचे दहा खांब होते. खांबांवर आकडे नव्हते, फक्त आडव्या रेघा होत्या, 10, 20, 30 अशा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याची लांब पट्टी केली. चित्र दोन बोटांनी एवढं मोठं केलं की दोन रेघांमधलं अंतर बरोबर एक सेंटीमीटर झालं. मग पट्टीची कड पहिल्या खांबाला लावून त्याची उंची पेन्सिलीनं मार्क केली. त्या खुणेपासून पुढं दुसऱ्या खांबाची उंची, तिच्यापुढं तिसऱ्याची. सगळे खांब आडवे पाडून एकापुढं एक ठेवावेत तसं. शेवटची खूण सोळा सेंटीमीटरवर आली. एक मिलिमीटर म्हणजे एक विद्यार्थी, म्हणजे 160 जण बरोबर जमले.

ही बेरीज जमली का, हे पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नये. स्क्रीनशॉटमध्ये खालचा भाग कापला गेला असेल किंवा उभा अक्ष शून्याऐवजी 5 पासून सुरू होत असेल, तर प्रत्येक खांब सारखाच बुटका होतो. पण 34 मधून 5 जाणं आणि 8 मधून 5 जाणं यात फार फरक आहे. उंच खांब मग उगाच जास्त उंच वाटतो. असं झालेलं असलं की पट्टीची बेरीज दिलेल्या संख्येपेक्षा कमी भरते, आणि तिथंच कळतं.

पट्टीवर डावीकडून हे आकडे निघाले: 2, 5, 8, 14, 18, 22, 27, 34, 22, 8. म्हणजे ज्या खांबाला वहिनी ‘बहुतेक पोरं’ म्हणत होत्या, त्यात 160 पैकी 34 होती. शंभरातली एकवीस. बाकीची एकोणऐंशी दुसरीकडंच होती.

आता मी पट्टीची दोन टोकं जुळवून मधे घडी घातली. घडी सत्तर ते ऐंशीच्या तुकड्यात पडलीच नाही. ती पडली साठ ते सत्तरच्या तुकड्यात, सुरुवातीपासून चार-दशांश वाट सरल्यावर. मध्यक झाला 64 च्या आसपास. पुस्तकातलं सूत्र हेच काम करतं:

```
मध्यक = L + ((N/2 − cf) / f) × h
      = 60 + ((80 − 69) / 27) × 10
      ≈ 64
```

इथं N म्हणजे एकूण पोरं, cf म्हणजे साठच्या खाली राहिलेली 69 पोरं. घडी ज्या खांबात पडली, त्याची सुरुवात म्हणजे L, उंची म्हणजे f, 27, आणि रुंदी म्हणजे h. अर्ध्याला पोचायला 11 जण कमी पडतात, ते या 27 मधून घ्यायचे. पोरं सूत्र पाठ करतात, पण cf च्या जागी त्याच वर्गाची संचित वारंवारता, म्हणजे तो खांबही धरून झालेली बेरीज, 69 ऐवजी 96, घालतात आणि उत्तर साठाच्या खाली, 54 वर नेऊन ठेवतात. पट्टीला घडी घातलेलं पोरगं ही चूक करणार नाही, कारण घडी त्याला डोळ्यांनी दिसलेली असते.

म्हणजे 66 वाली लेक मागं नव्हती. ओळीत ती मधल्या मुलाच्या जराशी पुढं होती. साधारण 85 जण तिच्या मागं आणि 75 च्या आसपास तिच्या बरोबरीनं किंवा पुढं.

यातलं पक्कं किती आणि अंदाज किती, तेही सांगतो. मध्यक साठ ते सत्तरच्या खांबात आहे, हे पक्कं. त्या खांबातली 27 पोरं दहा गुणांवर सारखी पसरली आहेत, हे मी धरून चाललोय. वाचताना खांबांच्या उंचीत मिळून तीन विद्यार्थ्यांची चूक इकडं-तिकडं झाली, तर मध्यक 63 ते 65 मध्ये हलेल, फार नाही. पण खांबाच्या आत पोरं एका बाजूला गोळा झाली असतील, तर ते चित्र कधीच सांगणार नाही. म्हणून मी वहिनींना ‘66 म्हणजे मधल्या पोराच्या आसपास, बहुधा थोडी वरच’ एवढंच म्हटलं.

वहिनींचा विश्वास बसेना. "पण खांब तर पुढचाच उंच हाय नव्हं?"

म्हणून मी तेच आकडे वीस-वीस गुणांच्या खांबांत मांडले: 7, 22, 40, 61, 30. आता सगळ्यांत उंच खांब झाला साठ ते ऐंशीचा, आणि लेक त्या खांबाच्या आत! गुण तेच, पोरं तीच, फक्त खांबांची रुंदी बदलली. ग्राफ काढणाऱ्यानं दहाऐवजी वीस निवडले असते, तर वहिनी त्या रात्री वर आल्याच नसत्या. मध्यक या नव्या चित्रावरून काढला तर 60 अधिक 11 भागिले 61 गुणिले 20, म्हणजे 63.6. तो जागचा हललाच नाही म्हणा ना. बहुलक आणि मध्यक या दोघांत भरवसा कुणावर ठेवायचा, ते माझ्या मते इथंच ठरतं.

मग प्रश्न आला 75 चा. 75 च्या पुढच्यांची वेगळी बॅच होणार होती. 75 हा आकडा उंच खांबाच्या ऐन पोटात येतो. पुढचे दोन खांब मिळून 30 जण नक्की वर. उंच खांबातले 34 सगळे 75 च्या वर असते, तर 64. म्हणजे खरा आकडा 30 ते 64 मध्ये, शेकडा 19 ते 40. एवढं चित्र खात्रीनं सांगतं. खांब अर्धा कापला तर 17 अधिक 30, एकूण 47, शेकडा 29. कुणी नुसतं ‘29 टक्के’ सांगितलं, तर या दोन कडाही विचारून घ्याव्यात.

‘75 किंवा जास्त’ आणि ‘75 पेक्षा जास्त’ हेही एक नव्हे. गुण पूर्णांकात असतात. खांबात 70 ते 79 असे दहा आकडे धरले, तर पहिल्या अटीत 75 ते 79 हे पाच येतात, दुसरीत 76 ते 79 हे चारच. अर्धा खांब धरायचा तिथं चार-दशांश धरावा लागतो आणि 47 चे साधारण 44 होतात. त्यातही एक्सेलनं स्वतः काढलेल्या हिस्टोग्रामखाली `(70, 80]` असं लिहिलेलं असतं. गोल कंस म्हणजे 70 आत नाही, चौकोनी म्हणजे 80 आत आहे. आपल्या पुस्तकात बरोबर उलटं, 70 आत आणि 80 पुढच्या वर्गात. स्क्रीनशॉटमध्ये ते कंस दिसत असतील तर आधी तिकडं बघावं.

हीच अर्ध्या खांबाची युक्ती 35 ला लावायला गेलात, तर मात्र फसाल. तीस ते चाळीसच्या खांबात 14 जण आहेत. अर्धे कापले तर 7 नापास, अधिक खालचे 15, एकूण 22. पण 33-34 वर अडकलेल्या पोराला तपासणारा एखादा गुण कुठंतरी शोधून देतोच. मीही देतो. त्यामुळं 35 वर गर्दी आणि 33-34 ला शुकशुकाट असतो, खांबात पोरं सारखी पसरलेली नसतात. नापास 22 पेक्षा कमीच निघतील, किती कमी ते दहा गुणांच्या खांबावरून कळत नाही.

राहिला कल. खांबांचा डोंगर उजवीकडं आहे, म्हणून बघणारा ‘उजवीकडं झुकलाय’ म्हणतो. संख्याशास्त्रात नाव मात्र शेपटीवरून देतात, डोंगरावरून नाही. इथं शेपूट डावीकडं, शून्याकडं लांब गेली आहे, म्हणून हा डावा, म्हणजे ऋण कल. तपासायला मी पट्टीची घडी न उलगडता आणखी एकदा दुमडली. उलगडल्यावर तीन घड्या दिसल्या: 40 व्या, 80 व्या आणि 120 व्या विद्यार्थ्यावर. त्यांचे गुण निघाले सुमारे 46, 64 आणि 77. मधल्यापासून खाली 18 गुणांचं अंतर, वर 13 चं. खालची बाजू जास्त ताणलेली आहे. सरासरी काढली तर ती 61 येते, मध्यकाच्याही खाली, कारण दहा-वीस गुणवाली पोरं तिला ओढून नेतात. मधल्या पोराची जागा ती हलवू शकत नाहीत.

वहिनींनी पट्टी घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. "आणि ऐंशीच्या वर किती?"

पट्टीवरचे शेवटचे तीन सेंटीमीटर, म्हटलं. तिथं खांब कापावा लागत नाही.