वायर एकच, पाईप एकच, मग दर कोण ठरवतं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागवाल्याला सूत चार व्यापाऱ्यांकडे भाव करून घेता येतं, पण वीज घ्यायची तर महावितरणचीच. दुसरी कंपनी आली असती तर दर पडले असते असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि वाटणं साहजिक आहे, पण वायरच्या बाबतीत हिशोब उलटा जातो.

समजा एका गल्लीत 100 घरं आहेत, आणि खांब, ट्रान्सफॉर्मर, वायर यांचं व्याज, घसारा, दुरुस्ती मिळून वर्षाला 3 लाख खर्च येतो. एकच कंपनी असेल तर घरामागे महिन्याला 250 रुपये पडतात. आता दुसऱ्या कंपनीनं त्याच गल्लीत आपले वेगळे खांब रोवले आणि निम्मी गिऱ्हाईकं घेतली, तर दोघींचाही खर्च 3-3 लाखच राहतो पण तो भरायला घरं 50च, म्हणजे 500 रुपये. एक घर वाढलं तर खर्च किरकोळ वाढतो, खरा पैसा आधीच जमिनीत रुतलेला असतो, त्यामुळे जी कंपनी मोठी तिचाच खर्च सगळ्यात कमी. याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात.

पण मक्तेदारी वायरची आहे, विजेची नाही. वीज चंद्रपूरहून आली काय किंवा कुठल्या सोलर प्लँटमधून, वायर तीच वापरता येते. मुंबईत 2009 पासून उपनगरातल्या हजारो ग्राहकांनी रिलायन्सच्या वायरीवरून टाटाची वीज घेतली आणि वायरचं भाडं रिलायन्सला दिलं. आपल्या बिलात 'वहन आकार' म्हणून जी वेगळी ओळ असते ना, ती हेच भाडं.

आता एकटाच विकणारा म्हटल्यावर तो मागेल तो दर द्यावा लागेल, म्हणून मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग बसवलाय, 1999 पासून. कंपनी सगळा खर्च मांडून अर्ज करते, तो जाहीर होतो, लोक हरकती घेतात, आणि 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे अर्ज आल्यापासून 120 दिवसांत आयोगानं निर्णय द्यायचा असतो. आयोग योग्य वाटेल तेवढाच खर्च धरतो, त्यात मालकाच्या भांडवलावर ठरलेला परतावा मिळवतो आणि विकल्या जाणाऱ्या युनिटांनी भागतो.

खरी मेख या 'विकल्या जाणाऱ्या' शब्दांत आहे. समजा कंपनीनं 100 युनिट 5 रुपयांनी घेतले, म्हणजे 500 रुपये, वर बाकीचा खर्च 180, एकूण 680. वाटेत गळती आणि चोरी होते. आयोगानं 15 टक्के गळती मान्य केली तर 85 युनिटवर भागायचं, दर 8 रुपये. प्रत्यक्षात गळती 20 टक्के निघाली तर विकले गेले 80 युनिट, वसुली 640, खड्डा 40 रुपयांचा. तो सगळा ग्राहकावर टाकला तर दर साडेआठ होतो आणि कंपनीला वायरीवर टाकलेले चोरीचे आकडे काढायला जायची गरजच उरत नाही. म्हणून आयोग मर्यादा ठरवतो आणि वरच्या तोट्याचा काही भाग तरी कंपनीच्या अंगावर ठेवतो. मला हा सगळ्या पद्धतीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो.

पण आयोगाला दिसतं ते कंपनीनं दाखवलेलं. आपल्या जिल्ह्यात उसाला पाणी देणारे कितीतरी शेतीपंप आहेत, राज्यात लाखो पंपांना मीटरच नाही, त्यांचा वापर अंदाजानं धरतात. तो अंदाज फुगवला की गळती आपोआप कमी दिसते आणि चोरीची वीज शेतकऱ्याच्या नावावर चढते! खरं काय ते सबस्टेशनमधल्या फीडरच्या मीटरवरून कळतं, किती वीज आत गेली आणि किती पंप किती तास चालले हे जुळवून बघायचं. दुसरी पळवाट भांडवलाची. परतावा भांडवलावर मिळतो म्हटल्यावर गरज नसताना महागडी उपकरणं बसवायचा मोह होतो, ॲव्हर्च आणि जॉन्सन या अर्थतज्ज्ञांनी 1962 सालीच हे दाखवलं होतं. म्हणून मोठ्या कामांना आयोगाची आधी मंजुरी लागते.

पाण्याचं त्याहून अवघड आहे. उजनीहून शंभर किलोमीटरच्या वर पाईप टाकायचा, वर पंपिंगचं वीजबिल, असा पाईप दोघांनी टाकणं शक्यच नाही. आणि जिथं पाईपचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं तिथं स्पर्धा होते ती टँकरची, जी पाईपपेक्षा कितीतरी महाग पडते. 2005 च्या कायद्यानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, पण ते धरणातून उचललेल्या पाण्याचा ठोक दर ठरवतं. नळाची पाणीपट्टी महापालिकाच ठरवते, म्हणजे विकणारीही तीच आणि दर लावणारीही तीच. पाईपमधून किती टक्के गळती मान्य करायची आणि वरची कुणी भरायची, हे विजेसारखं सुनावणीत विचारायला पाण्यासाठी वेगळा आयोग नाही. बऱ्याच ठिकाणी नळाला मीटर नाही, त्यामुळे गळती मोजायची म्हटली तरी आधी टाकीच्या तोंडाशी आणि वस्तीच्या तोंडाशी मीटर बसवावे लागतील. सोलापूरकरांनी आधी ते मागावेत असं मला मनापासून वाटतं, दरावरचं भांडण त्या आकड्यांशिवाय करताच येत नाही.