‘क्षमा’ की ‘माफी’? शेजाऱ्यांच्या प्रार्थनेची पार्श्वभूमी

मिरवणुकीवरून झालेल्या दगडफेकीनंतर येत्या गुरुवारी गिरणीसमोरच्या ओट्यावर दोन्ही गल्ल्या एकत्र बसून जी नऊ ओळींची प्रार्थना म्हणणार आहेत, ती आधी चार वेळा लिहून खोडली गेली आहे. खोडाखोडीचं मुख्य कारण एकच शब्द होता.

खान्देशात सर्वधर्म प्रार्थना नवी नाही. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली गीतेवर प्रवचनं झाली आणि ती उतरवून घेणारे अमळनेरचे मास्तर साने गुरुजी पुढे प्रेमालाच धर्म म्हणाले. त्यांची ती ओळ शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. १९७० मध्ये जळगावात आणि २००८, २०१३ मध्ये धुळ्यात ज्या दंगली झाल्या, त्यांच्यानंतरही सलोख्याच्या बैठका झाल्या. त्या बैठकांत बहुधा देवांची नावं एकापाठोपाठ घ्यायची पद्धत असते. आमचाही पहिला मसुदा तसाच होता.

त्यावर मशिदीतल्या एका वडीलधाऱ्यांनी शांतपणे सांगितलं, “तुम्ही तुमच्या देवाचं नाव घ्या, मी मान खाली घालून ऐकेन. पण ते माझ्या तोंडून वदवून घेऊ नका.” मला त्यात कडवेपणा दिसला नाही. एकालाच हाक मारायची, ही त्यांची श्रद्धा आहे. यापूर्वीही याच मुद्द्यावर सभा अडल्या आहेत. १९४७ च्या एप्रिलमध्ये गांधीजींच्या दिल्लीतल्या प्रार्थनासभेत कुराणातल्या आयतींना हरकत घेतली गेली, तेव्हा प्रार्थना अर्ध्यावर थांबवण्यात आली होती. म्हणून आम्ही नावं काढली आणि नुसतं ‘तू’ ठेवलं. मराठीत देवालाही ‘तू’ म्हणतात आणि आईलाही, त्यामुळे कोणालाच अवघडलं नाही.

खरा पेच सातव्या ओळीत होता. मूळ ओळ होती, ‘आम्हांला क्षमा कर’. वारकरी मंडळींना ती पटली. पलीकडच्या गल्लीतली एक बाई मात्र म्हणाली, “दगड माझ्या खिडकीवर आला. मग देवाकडे कशाला मागता?”

हा नुसता शब्दांचा घोळ नव्हे. ‘क्षमा’ आपण सहसा देवाकडे मागतो आणि ‘माफी’ माणसाकडे. इस्लाममध्ये माणसाचं माणसावरचं देणं वेगळं धरतात. ते ज्याचं त्यालाच फेडायचं असतं, नुसत्या प्रार्थनेनं ते फिटत नाही. पर्युषणाच्या शेवटी जैन घरांत शेजाऱ्यापुढे हात जोडून चूक कबूल करतात, ती आपल्या बाजारपेठेत सगळ्यांनी पाहिलेली रीत आहे. ख्रिस्ती शास्त्रातही वेदीवर दान ठेवण्याआधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे. तिघांचा क्रम सारखाच आहे: आधी शेजारी, मग देव.

मग ‘माफी’च का लिहिली नाही? कारण गुन्हे दाखल आहेत. किरकोळ मारहाण तडजोडीनं मिटते, पण दंगलीचं कलम आपसांत मिटवता येत नाही. दोन्ही बाजू एकाच ताटात जेवल्या तरी खटला चालूच राहतो. ‘आम्ही दगड मारले, माफ करा’ असं छापून वाटलं तर तोच कागद उद्या कोर्टात पुढे येईल, ही भीती दोन्हीकडच्या पोरांच्या आई-बापांना होती. ती खोटी म्हणता येत नाही. माझं मत मात्र मी तिथेच सांगितलं होतं आणि आजही तेच आहे: भीती खरी आहे म्हणून चूक लपवायची नाही.

शेवटी ओळ अशी झाली: ‘ज्या हातांनी दगड उचलला, तेही आमच्याच गल्लीतले हात, त्यांना आता गिरणीचा डबा धरू दे.’ यात कुणावर आरोप नाही आणि कुणाची सुटकाही नाही. माफी मागायची ती प्रार्थनेबाहेर, आधी आणि समोरासमोर, असं ठरलं. ती कागदावर येणार नाही.

गिरणीचा उल्लेख का, हे बाहेरच्यांना कळणार नाही. मिरवणूक नमाजाच्या वेळी मशिदीपुढे थांबली, वाजंत्री बंद होईना, त्यातून भांडण पेटलं. त्यानंतर गिरणीचं शटर बारा दिवस बंद होतं. आत दादर ज्वारीचे आणि गव्हाचे डबे तसेच पडून होते. झाकणांवर खडूनं नावं लिहिलेली होती, दोन्ही गल्ल्यांची, एकाला एक लागून. तेराव्या दिवशी गिरणीवाल्या चाचांनी शटर उघडलं आणि कुणी बोलावलं नसताना सगळे डबे दळून ठेवले. पहिला डबा न्यायला जो आला, त्याचा मुलगा आरोपींमध्ये आहे. तो दळणाचे पैसे द्यायला लागला तेव्हा चाचांनी घेतले, सुटे मोजून परत दिले. मग तो डबा उचलायच्या आधी म्हणाला, “चूक व्हयनी, भाऊ.”

गुरुवारी आधी अशी चूक कबूल करून बोलायला वेळ ठेवला आहे. ज्यांना बोलायचं नसेल त्यांनी गप्प बसावं. प्रार्थना त्यानंतर, मगरिबची नमाज झाल्यावर आणि विठ्ठलमंदिरातल्या आरतीच्या आधी.