खासगी पत्त्यावरचा कॅमेरा बाहेरून उघडतो का?

मामांच्या घरी कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर बसवून झाल्यावर बसवणारा मुलगा म्हणाला, "याचा पत्ता 192.168.1.64, म्हणजे खासगी. बाहेरून कुणी येऊ शकत नाही." मामा निर्धास्त झाले. मला मात्र ते अर्धंच पटलं, म्हणून रविवारी मी तपासायला बसलो.

हा पत्ता म्हणजे फ्लॅट नंबर ३०२. तो प्रत्येक सोसायटीत असतो, त्यामुळे पाकिटावर नुसतं "३०२" लिहिलं तर पोस्टमन ते कुठे नेणार? 192.168 आणि 10 ने सुरू होणारे पत्ते, शिवाय 172.16 ते 172.31 चा पट्टा, असे घरगुती वापरासाठी राखून ठेवले आहेत. आतलं उपकरण बाहेर काही पाठवतं तेव्हा राउटर त्यावर आपला पत्ता घालतो आणि कोणी कुणाला पाठवलं याची नोंद ठेवतो. उत्तर आलं की ती नोंद बघून ते आत पोचवतो. बाहेरचा कुणी आपणहून आला, तर त्याच्या नावाची नोंदच नसते आणि तो दारातच अडतो.

पण राउटरमध्ये कायमची नोंदही करता येते: अमुक पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, जे येईल ते थेट 192.168.1.64 ला द्या. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. राउटरमध्ये यूपीएनपी नावाची सोय चालू असेल, तर उपकरण स्वतःच अशी नोंद मागून घेतं आणि घरच्यांना कळतही नाही. म्हणून पत्ता खासगी आहे एवढ्यावर विसंबून चालत नाही, प्रत्यक्ष दार वाजवून बघावं लागतं.

आधी मी राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन पत्ता, म्हणजे त्याचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, पाहिला आणि "माझा आयपी काय" सांगणाऱ्या संकेतस्थळावरच्या पत्त्याशी ताडला. दोन्हीकडे एकच आकडे होते. इथे आपण ते 203.0.113.25 धरू, कारण हा पत्ता उदाहरणांसाठीच राखीव आहे. दोन्ही आकडे जुळले म्हणजे सार्वजनिक पत्ता थेट आपल्या राउटरकडेच आहे. वॅनचा पत्ता 100.64 ते 100.127 या पट्ट्यातला असता, तर इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असता. मग या वाटेने थेट आत येणं बहुधा जमलंच नसतं.

पुढची पायरी बरेच जण चुकवतात. घरच्याच वायफायवरून सार्वजनिक पत्ता उघडून पाहण्यात अर्थ नाही. काही राउटर ती मागणी आतल्या आत वळवून देतात, काही देत नाहीत, त्यामुळे उत्तर कोणतंही आलं तरी भरवसा ठेवता येत नाही. मी आधी आतून खात्री केली की रेकॉर्डरचं 554 हे व्हिडिओचं पोर्ट चालू आहे. ते बंदच असतं तर बाहेरच्या चाचणीतून काहीच कळलं नसतं. मग मोबाइलचं वायफाय बंद केलं, लॅपटॉप त्याच्या हॉटस्पॉटला जोडला आणि टर्मिनलमध्ये पोर्ट उघडं आहे का हे बघणारी आज्ञा लिहिली:

```
nc -vz -w 5 203.0.113.25 554
```

`succeeded` असं उत्तर आलं. दार सताड उघडं होतं! राउटरच्या यूपीएनपी यादीत रेकॉर्डरने स्वतः करून घेतलेली नोंद सापडली. ती पुसली, यूपीएनपी बंद केलं, राउटर पुन्हा सुरू केला आणि तीच आज्ञा परत दिली. या वेळी पाच सेकंद थांबून `timed out` आलं, म्हणजे आपली मागणी वाटेत कुणीतरी गिळली. `refused` आलं असतं तर अर्थ वेगळा झाला असता: कुणीतरी उत्तर दिलं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. ते उत्तर राउटरचं असू शकतं किंवा आतल्या उपकरणाचंही, म्हणून `refused` दिसलं की फॉरवर्डिंगची यादी बघायलाच हवी. चाचणी एका पोर्टचीच असते हेही विसरू नये. रेकॉर्डरचं वेबपान 80 वर होतं, तेही मी वेगळं तपासलं.

मामांना काळजी होती की आता मोबाइलवर कॅमेरे दिसणार नाहीत. पण ते दिसत राहिले. त्यांच्या ॲपसाठी रेकॉर्डर स्वतः आतून बाहेर, कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करून ठेवतो, त्याला बाहेरून दार उघडं लागत नाही.

एक वाट उरली होती, आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीची. त्यात घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. तो बहुधा 2 ने सुरू होतो. तिथे राउटर सहसा पत्ता बदलत नाही, अडवायला फक्त फायरवॉल असते, म्हणून त्या पत्त्यावर चाचणी वेगळी करावी लागते. मामांच्या रेकॉर्डरच्या नेटवर्क पानावर मात्र fe80 ने सुरू होणारा एकच पत्ता होता, आणि तो घरच्या नेटवर्कच्या बाहेर जातच नाही.