लूपमध्ये लूप दिसला म्हणजे n² नव्हे

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट बसलेला असतो: लूपच्या आत लूप असेल तर काम n² पायऱ्यांचं. बरेचदा ते खरं ठरतं, म्हणून पुढे त्याचा अंगारा होतो आणि कोड न वाचताच लावला जातो. 'पुढचा मोठा घटक' शोधण्याची रीत या समजाला सरळ छेद देते.

प्रश्न असा. अ‍ॅरेमधल्या प्रत्येक आकड्यासाठी त्याच्या उजवीकडे, त्याच्याहून मोठा असा पहिला आकडा कोणता? असा कुणीच नसेल तर उत्तर -1. ६, ३, ५, २, ४, ७, १ हा अ‍ॅरे घेऊ. ३ चं उत्तर ५, २ चं ४. मात्र ६ ला थेट ७ पर्यंत थांबावं लागतं.

सरळ उपाय म्हणजे प्रत्येक आकड्यापासून उजवीकडे चालत जायचं. आकडे उतरत्या क्रमाने असतील तर यात फार हाल होतात, कारण प्रत्येकाला शेवटपर्यंत जाऊन हात हलवत परत यावं लागतं. एक लाख आकड्यांसाठी अशा सुमारे ५०० कोटी तुलना होतात.

आता प्रश्न उलटा करा. 'माझं उत्तर कुठे आहे?' असं प्रत्येक आकड्याने विचारण्याऐवजी नव्याने आलेल्या आकड्याने विचारावं, 'मी कुणाकुणाचं उत्तर आहे?' ज्यांना अजून उत्तर मिळालेलं नाही, ते स्टॅकमध्ये थांबतात. नवा आकडा वरच्यापेक्षा मोठा असेल तर वरच्याला उत्तर मिळालं, तो बाहेर. मग त्याच्या खालचा तपासायचा. नव्याहून लहान नसलेला कुणी भेटला की थांबायचं आणि नव्याला वर ठेवायचं.

आपल्या अ‍ॅरेत ६ आत जातो, त्यावर ३ बसतो. ५ आला की ३ ला उत्तर मिळतं आणि तो निघतो, पण ६ हलत नाही. म्हणून स्टॅकमध्ये खालून वर ६, ५. मग २ बसतो. ४ आल्यावर २ सुटतो आणि उरतात ६, ५, ४. आता ७ येतो आणि एका दमात ४, ५, ६ अशा तिघांना बाहेर काढतो. तिघांचंही उत्तर ७. शेवटी ७ वर १ बसतो आणि अ‍ॅरे संपतो. आत राहिलेल्या या दोघांचं उत्तर -1.

स्टॅक खालून वर कधीच चढत नाही, आणि सगळी मेख इथेच आहे. वरचा आकडा नव्याहून लहान नसेल तर त्याच्या खालचेही लहान असू शकत नाहीत, म्हणून ते तपासायची गरजच नाही. शिवाय बाहेर पडणाऱ्याला मिळालेला आकडा 'पहिलाच' मोठा असतो. मध्ये त्याच्याहून मोठा कुणी येऊन गेला असता, तर त्यानेच याला तेव्हा बाहेर काढलं असतं.

```python
def next_greater(a):
    ans = [-1] * len(a)
    st = []
    for i, x in enumerate(a):
        while st and a[st[-1]] < x:
            ans[st.pop()] = x
        st.append(i)
    return ans
```

`for` च्या आत `while` आहे खरा. पण हिशेब फेऱ्यांचा न करता आकड्यांचा करा. प्रत्येक आकडा स्टॅकमध्ये एकदाच जातो आणि फार तर एकदाच बाहेर येतो. प्रत्येक तुलनेनंतर एकतर कुणीतरी बाहेर पडतो, नाहीतर ती फेरी संपते. म्हणून एकूण तुलना 2n च्या वर जात नाहीत. एक लाख आकड्यांना दोन लाखांच्या आत. एखाद्या ७ वर एकदम भार पडतो, पण त्याने काढलेले तिघे आधी एकेक करून आत आलेलेच होते. आपल्या सात आकड्यांवर मात्र फरक नगण्य आहे: सरळ उपायाला १२ तुलना, स्टॅकला १०. किंमत मोजावी लागते ती जागेची. उतरता अ‍ॅरे आला तर सगळेच्या सगळे आकडे स्टॅकमध्ये साचतात.

कोडमध्ये स्टॅकवर आकडा न ठेवता त्याचा इंडेक्स ठेवला आहे, तो उगाच नाही. काहीजण स्टॅकमध्ये आकडे ठेवतात आणि उत्तरं डिक्शनरीत आकड्यानुसार लिहितात. २, ३, २ देऊन पाहा. पहिल्या २ चं उत्तर ३, दुसऱ्याचं -1. पण डिक्शनरीत २ ची नोंद एकच, त्यामुळे दोघांनाही ३ मिळतं. सगळे आकडे वेगवेगळे असलेल्या चाचणीत ही चूक दिसतच नाही.

दुसरी गफलत `<` च्या जागी `<=` लिहिण्याची. मग बरोबरीचा आकडाही 'मोठा' ठरतो. ४, ४, ४ वर उत्तर -1, -1, -1 यायला हवं; 4, 4, -1 आलं तर चूक नेमकी तिथे आहे. आणि अ‍ॅरेत ऋण संख्या येणार असतील तर -1 ही खूणच फसवी: ते खरं उत्तर की 'कुणी नाही', हे कळायला मार्ग नाही. तिथे `None` ठेवा, किंवा उत्तर म्हणून मोठ्या घटकाचा इंडेक्स द्या. इंडेक्स कधी ऋण नसतो, त्यामुळे -1 चा घोळ होत नाही, आणि मोठा आकडा किती घरं पुढे आहे हे साध्या वजाबाकीने मिळतं.