डेव्हिएशन कार्ड परत का येते : कंपास स्विंगची प्रक्रिया आणि कागदपत्रे

सेकंड मेटच्या तोंडी परीक्षेसाठी नाशिकमध्ये माझ्याकडे येणारी बहुतेक मुले व्हेरिएशन, म्हणजे खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला कोन, शून्य धरूनच आकडेमोड सुरू करतात. त्यांचाही दोष नाही, कारण आपल्याकडे ते एक अंशाहूनही कमी आहे. जहाजावर मात्र ते त्या भागाच्या चार्टवर छापलेल्या दिशाचक्रातून, म्हणजे कंपास रोजमधूनच घ्यावे लागते आणि तेथील वर्ष नीट वाचावे लागते. '२° प., २०१५, वार्षिक बदल ६' पू.' असे छापलेले असल्यास २०२५ मध्ये दहा वर्षांची साठ मिनिटे, म्हणजे एक अंश, वजा होऊन १° प. उरते. छापील २° तसेच वापरणारा उमेदवार पहिल्याच प्रश्नात अडकतो.

डेव्हिएशन हा जहाजाच्या स्वतःच्या लोखंडामुळे कंपासमध्ये येणारा दोष असून तो हेडिंगप्रमाणे, म्हणजे जहाजाचे नाक ज्या दिशेला आहे त्याप्रमाणे, बदलतो. ड्राय डॉकमधील मोठे काम, वीज पडणे किंवा दीर्घकाळ एकाच जागी उभे राहणे यानंतर प्रत्येक हेडिंगचे डेव्हिएशन लिहिलेले कार्ड नवे लागते, आणि त्यासाठी जहाज वेगवेगळ्या दिशांना फिरवून कंपास तपासावा लागतो, म्हणजेच स्विंग करावा लागतो. स्विंगपूर्वी डेरिक आणि क्रेन समुद्रातील नेहमीच्या स्थितीत बांधून ठेवाव्यात. मग मोकळ्या पाण्यात, इतर जहाजांपासून दूर, आठही मुख्य दिशांवर जहाज सावकाश स्थिर करून प्रत्येक वेळी एका ओळीत दिसणाऱ्या दोन खुणांचे बेअरिंग, म्हणजे कंपासवरची दिशा, घ्यावे. ओळ चार्टवर खरी ०४०° असेल तर १° प. व्हेरिएशनने ती चुंबकीय ०४१° होते, आणि उत्तर हेडिंगवर कंपास ०३८° दाखवत असेल तर त्या हेडिंगचे डेव्हिएशन ३° पू. होय.

सर्वाधिक नापास होतात ते कार्ड वाचताना. खरा कोर्स ०९०° असल्यास चुंबकीय ०९१°, आणि कार्डावर तेथे ४° प. असल्याने कंपास कोर्स ०९५°. आता मागे पडलेल्या दीपगृहाचे कंपास बेअरिंग ३००° आले, की मुलगा कार्डात ३००° शोधतो, तेथील ५° पू. उचलतो, १° प. व्हेरिएशन वजा करतो आणि ३०४° लिहितो. डेव्हिएशन बेअरिंगचे नसते, हेडिंगचे असते. जहाज ०९५° वर आहे, म्हणून ४° प. आणि १° प. मिळून ५° प. वजा करून खरे बेअरिंग २९५° येते. दीपगृह सहा सागरी मैलांवर असेल तर या नऊ अंशांनी रेषा जवळजवळ एक मैल सरकते. "सर, कार्ड तर बरोबर वाचलं होतं," असे मग ऐकू येते.

कागदपत्रांत कार्ड असतेच, सहसा नसते ती कंपास एररची वही. सूर्याचे किंवा ताऱ्याचे ॲझिमथ, म्हणजे क्षितिजावरची दिशा, घेऊन प्रत्येक वॉचला त्यात नोंद व्हायला हवी. एका तपासणीत आमचे नवे कोरे कार्ड सही-शिक्क्यासह असूनही बाजूला ठेवले गेले, कारण वहीची दोन महिन्यांची पाने कोरी होती. तेव्हा मला तो निव्वळ कागदी छळ वाटला होता. पण लोखंडी माल भरल्यावर किंवा अक्षांश बराच बदलल्यावर कार्डाचे आकडे ढळतात, आणि ते कळते फक्त त्या वहीतून. नोंदी कार्डापासून सातत्याने फटकून येऊ लागल्या, तर परवानाधारक ॲडजस्टर बोलावून बिनॅकलमधील, म्हणजे कंपासच्या स्टँडमधील, चुंबकांची नवी जागा कार्डावर लिहून घ्यावी. तो रकाना रिकामा राहिल्यानेही कार्ड परत येते.