फॅक्टर फंड

ठरावीक गुणधर्म असलेले शेअर फंड व्यवस्थापकाच्या मर्जीवर न सोडता लेखी नियमाने निवडणारा म्युच्युअल फंड किंवा ईटीएफ म्हणजे फॅक्टर फंड. साधा इंडेक्स फंड निर्देशांकाच्या यादीतल्या सगळ्या कंपन्यांमध्ये त्यांच्या बाजारमूल्याच्या प्रमाणात पैसे घालतो. फॅक्टर फंड त्याच यादीतून काही शेअर वेचतो. ज्यांचा भाव कमी हेलकावतो असे वेचले तर लो व्होलॅटिलिटी, अलीकडे जोमाने वाढलेले वेचले तर मोमेंटम, नफ्याच्या किंवा पुस्तकी मूल्याच्या मानाने स्वस्त असलेले वेचले तर व्हॅल्यू. या नोंदीत मोमेंटमला जास्त जागा दिली आहे, कारण फॅक्टर फंडांचे बळ आणि दुखणे दोन्ही तिथे सर्वांत स्पष्ट दिसतात.

भारतात या प्रकारातला सर्वांत परिचित निर्देशांक निफ्टी २०० मोमेंटम ३०. निफ्टी २०० या दोनशे मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकातल्या शेअरना गुण देऊन वरचे तीस त्यात घेतले जातात. गुण देताना सहा महिन्यांची आणि बारा महिन्यांची भाववाढ पाहतात, पण ती नुसती पाहत नाहीत. शेअरच्या वर्षभराच्या चढउताराने तिला भागतात. समजा, एक शेअर वर्षात ४० टक्के वाढला आणि त्याची अस्थिरता २० टक्के होती, तर भागाकार २ येतो. दुसरा ६० टक्के वाढला, पण त्याची अस्थिरता ५० टक्के होती, तर भागाकार १.२. जास्त वाढलेला दुसरा शेअर मागे पडतो आणि सलग, शांतपणे चढलेला पहिला पुढे जातो. निवडलेल्या शेअरचे वजन ठरवताना बाजारमूल्य आणि हे गुण दोन्ही धरले जातात.

यादी वर्षातून दोनदाच बदलते, जून आणि डिसेंबरच्या अखेरीस. जूनच्या बदलासाठी मेअखेरपर्यंतचे भाव पाहतात, डिसेंबरच्या बदलासाठी नोव्हेंबरअखेरपर्यंतचे. ही वेळापत्रकाची क्षुल्लक बाब वाटते, पण बाजाराने मध्येच दिशा बदलली की तीच महागात पडते. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस निफ्टी ५० शिखरावर होता. तिथून मार्च २०२५ च्या सुरुवातीपर्यंत तो सुमारे १६ टक्के उतरला. मोमेंटम निर्देशांक याच काळात जवळपास दुप्पट घसरला. जूनअखेरीस निवडलेले शेअर तेजीतले लाडके होते आणि विक्रीचा पहिला मारा त्यांच्यावरच आला. नियमाप्रमाणे पुढची अदलाबदल डिसेंबरअखेरपर्यंत नव्हती. शंभराचे ८४ झाले तर पुन्हा शंभरावर यायला १९ टक्के वाढ पुरते. शंभराचे ६८ झाले तर ४७ टक्के लागते.

उलट दिशेचे वळणही त्रास देते. मंदीत मोमेंटमच्या यादीत बचावात्मक शेअर जमतात आणि बाजार अचानक उसळला की सर्वांत आधी उडी मारतात ते सर्वांत जास्त आपटलेले शेअर, जे यादीत नसतात. अमेरिकेत मार्च ते मे २००९ या तीन महिन्यांत आधीचे सर्वांत मार खाल्लेले शेअर १६३ टक्के वाढले आणि आधीचे विजेते फक्त ८ टक्के, असे केंट डॅनियल आणि टोबायस मॉस्कोविट्झ या संशोधकांनी दाखवले आहे. त्यांच्या अभ्यासातली पद्धत विजेते शेअर घेते आणि हरलेले उसने घेऊन विकते. भारतीय फंड तसे उसने घेऊन विकत नाहीत, म्हणून त्यांचे नुकसान तेवढे भीषण नसते. पण बाजारामागे राहणे टळत नाही.

मग साध्या इंडेक्स फंडापेक्षा परतावा जास्त मिळतो का? जाहिरातीतला आलेख म्हणतो, हो, आणि भरपूर. तो आलेख नीट वाचायला हवा. निफ्टी २०० मोमेंटम ३० ची गणना १ एप्रिल २००५ पासून दाखवली जाते, पण निर्देशांक जाहीर झाला ऑगस्ट २०२० मध्ये, आणि त्यावर बेतलेला यूटीआयचा फंड आला मार्च २०२१ मध्ये. म्हणजे पहिली पंधरा वर्षे कागदावरची आहेत. त्या काळात या नियमाने कोणीही या फंडातून पैसे गुंतवलेले नव्हते, आणि नियम ठरवणाऱ्यांना तो सगळा इतिहास डोळ्यांसमोर होता. जो नियम मागच्या आकड्यांवर हरला असता, त्याचा निर्देशांक निघालाच नसता. हे लबाडीचे नाही, निवडीचे फळ आहे. तरीही ते फळ गुंतवणूकदाराच्या हाती येत नाही.

हे गळणे किती असते याचे एक माप आहे. डेव्हिड मॅक्लीन आणि जेफ्री पाँटिफ यांनी संशोधनात नोंदलेले असे ९७ गुणधर्म तपासले. मूळ अभ्यासाच्या काळाबाहेर त्यांचा जादा परतावा २६ टक्क्यांनी घटलेला होता आणि अभ्यास प्रसिद्ध झाल्यानंतर ५८ टक्क्यांनी. शून्य झाला नाही, पण निम्म्याहून कमी उरला. मोमेंटमवरचा जेगदीश आणि टिटमन यांचा निबंध १९९३ चा आहे. तेव्हापासून ही गोष्ट गुपित राहिलेली नाही.

तुलना कशाशी केली हेही पाहावे लागते. मोमेंटम ३० मध्ये मिडकॅप, म्हणजे मध्यम आकाराच्या कंपन्यांचे शेअर बरेच असतात, म्हणून त्याची बरोबरी निफ्टी ५० शी लावली तर मिडकॅपच्या तेजीचे श्रेय मोमेंटमच्या खात्यात जमा होते. खरी बरोबरी निफ्टी २०० शी, तीही लाभांश धरून काढलेल्या टीआरआय मालिकेशी. त्यातून फंडाचा खर्च वजा करायचा. मोमेंटम फंडाचे वार्षिक शुल्क साध्या निफ्टी फंडाहून सहसा जास्त असते, आणि दर सहा महिन्यांनी यादीचा मोठा भाग बदलताना दलाली, व्यवहार कर आणि खरेदी-विक्रीच्या भावातला फरक वेगळा जातो. हा खर्च शुल्काच्या आकड्यात पूर्ण दिसत नाही. फंड आणि त्याचा निर्देशांक यांच्या परताव्यातल्या फरकात मात्र उतरतो.

व्हॅल्यूची अडचण निराळी आहे: स्वस्त कशाला म्हणायचे यावरच एकमत नाही. निफ्टी ५० व्हॅल्यू २० मध्ये भांडवलावरच्या परताव्याला मोठे वजन असल्याने तिथे आयटी कंपन्या ठळक असतात. निफ्टी ५०० व्हॅल्यू ५० निव्वळ स्वस्ताई मोजतो, म्हणून तिथे सरकारी बँका, धातू आणि ऊर्जा कंपन्यांची गर्दी होते. नाव तेच, माल वेगळा. शिवाय व्हॅल्यू शेअर दीर्घकाळ रुसून बसू शकतात. अमेरिकेत २००७ ते २०२० अशी जवळजवळ तेरा वर्षे ते मागे राहिले.

तिघांत आपला शब्द सर्वांत चांगला पाळतो तो लो व्होलॅटिलिटी, कारण त्याचा मूळ शब्दच माफक आहे. निफ्टी १०० लो व्होलॅटिलिटी ३० दर तिमाहीला वर्षभरात सर्वांत कमी हेलकावलेले तीस शेअर घेतो आणि जो जितका शांत, त्याला तितके जास्त वजन देतो. शेअरचा शांतपणा भाववाढीपेक्षा टिकाऊ असतो, म्हणून चढउतार कमी राहण्याची अपेक्षा रास्त ठरते. जादा परताव्याची हमी त्यातून निघत नाही. जोरदार तेजीत हा फंड मागे पडणारच.

एकंदर पुरावा असा, की फॅक्टरचा जादा परतावा खोटा नाही, पण आलेखात दिसतो त्याहून बराच लहान आहे आणि तो मिळण्याआधी कित्येक वर्षे मागे राहावे लागू शकते. त्या वर्षांत एका फॅक्टरमधून दुसऱ्यात उडी मारणाऱ्याला करही बसतो: फंडाने आत शेअर बदलले तर गुंतवणूकदाराला कर लागत नाही, पण युनिट वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के आणि नंतर विकले तर वर्षाला सव्वा लाखापलीकडच्या नफ्यावर साडेबारा टक्के, हा जुलै २०२४ पासूनचा दर आहे. फंड तपासताना माहितीपत्रकात निर्देशांकाची सुरुवातीची तारीख नव्हे, जाहीर झाल्याची तारीख शोधावी, आणि फंड सुरू झाल्यापासूनची त्याची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, ज्यातून शेअर वेचले त्या मूळ निर्देशांकाच्या टीआरआयशेजारी ठेवून पाहावी.