‘पासवर्ड चालत नाही’ असा फोन करण्याआधी

कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंग आणि कृषी केंद्रांतून आम्हाला पासवर्ड बदलून द्या म्हणून फोन येतात. त्याआधी स्क्रीनवरचा संदेश वाचा. `Permission denied` आलं असेल, तर तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचलात आणि त्याने तुम्हाला नाकारलं. तेव्हा पासवर्डचं बघू. `Connection timed out` असेल, तर पासवर्ड विचारण्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही. लाइन वाटेत कुठे तुटते ते शोधायचं. उबंटूवर हे चालवा, पत्ता तुमच्या सर्व्हरचा टाका:

```
mtr -rn -c 100 203.0.113.40
```

दोनेक मिनिटं थांबा. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. शून्य झाला की राउटर पॅकेट टाकून देतो आणि तसं कळवतो. `mtr` आधी १, मग २, मग ३ असा आकडा लावून एकेक टप्पा बोलता करतो. गावाकडच्या एका जिनिंगच्या लाइनचा निकाल समजा असा आला (काही रकाने गाळले आहेत):

```
                   Loss%   Avg
1. 192.168.1.1      0.0%   1.2
2. 100.64.0.1      64.0%   9.8
3. 198.51.100.9     0.0%  11.4
4. 198.51.100.33   31.0%  38.6
5. 203.0.113.40    32.0%  39.1
```

६४ टक्के बघून घाबरू नका. तिसऱ्या टप्प्यावर तोटा शून्य आहे, म्हणजे दुसऱ्यातून सगळी पॅकेटं पुढे गेली. तो राउटर फक्त उत्तरं द्यायला कंटाळतो. खरा तोटा चौथ्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकला आहे. दोष तिसऱ्या-चौथ्याच्या आसपास, कदाचित परतीच्या वाटेवर. ती वाट वेगळी असू शकते आणि इथून दिसत नाही. तुमचं वायफाय मात्र सुटलं: पहिला टप्पा स्वच्छ आहे. म्हणून निकाल नेहमी खालून वर वाचा.

शेवटच्या ओळीतच १०० टक्के तोटा असेल, तर लगेच सर्व्हर बंद समजू नका. काही फायरवॉल अशी चाचणीची पॅकेटं अडवतात. मग लॉगिनच्याच पोर्टवर बघा:

```
sudo mtr -T -P 22 -rn -c 100 203.0.113.40
```

इथे शेवटचा टप्पा बोलला, तर वाट मोकळी आहे. साधी चाचणी स्वच्छ आणि ही मात्र अडते, असं असेल तर बहुधा पोर्ट अडवलेला आहे. चुकीचा पासवर्ड वारंवार टाकल्यावर काही सर्व्हर तुमचा पत्ता थोडा वेळ बंद करतात. तेव्हा आम्हाला कळवा, पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकू नका.

विंडोजवर `tracert -d 203.0.113.40` चालतं, पण ते प्रत्येक टप्प्याला तीनदाच विचारतं; टक्केवारी त्यावरून काढू नका.

निकाल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नको, मजकूर कॉपी करून पाठवा, सोबत वेळ लिहा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तीच चाचणी एकदा करून जोडली, तर तुमच्या लाइनवाल्याला आम्ही थेट टप्प्याचा पत्ता सांगून तक्रार करू शकतो.